टायट्रेशनच्या तक्त्यात उत्तर किती अंकांपर्यंत लिहायचं?

प्रश्न : सांगलीत बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी तीन ठिकाणच्या पाण्याचा कठीणपणा ईडीटीएने काढला. प्रत्येक वेळी नमुना २५ मिलि. सीबीआर असे आले : कृष्णेचं पाणी ३.२, घरच्या बोअरचं ९.८, क्षारपड रानातल्या विहिरीचं २४.६ मिलि. ईडीटीए स्टँडर्डाइज करताना १० मिलि ०.०१ मोलर कॅल्शियमला १०.१ मिलि लागलं. कॅल्क्युलेटर १२६.८४६७, ३८८.४६८१ आणि ९७५.१३४३ मिग्रॅ प्रति लिटर दाखवतो. एक मॅडम म्हणतात दोन दशांश ठेव, मैत्रीण म्हणते तीन सिग्निफिकंट फिगर. व्हायव्हाला कारण विचारलं तर काय सांगू?

उत्तर :

दशांश स्थळं जरा बाजूला ठेवा आणि आधी एवढंच काढा : ब्युरेटवरची एक बारीक रेघ, म्हणजे ०.१ मिलि, तुमच्या तक्त्यात किती मिलिग्रॅम होते?

तुमच्या ईडीटीएची मोलॅरिटी १०.० × ०.०१ ÷ १०.१, म्हणजे ०.००९९० येते. कॅल्शियम कार्बोनेटचं मोलर वस्तुमान १००.०९ आणि नमुना २५ मिलि. हे सगळं एकत्र केलं की सूत्र इतकं आटोपशीर होतं :

```
कठीणपणा (मिग्रॅ/लिटर) = सीबीआर (मिलि) × ३९.६४
```

म्हणजे ०.१ मिलिला जवळजवळ ४ मिग्रॅ. बोअरच्या पाण्याला ९.८ ऐवजी ९.९ रीडिंग आलं असतं, तर उत्तर ३८८ वरून थेट ३९२ वर गेलं असतं. मधले ३८९, ३९०, ३९१ तुमच्या ब्युरेटला दिसतच नाहीत. मग ३८८.४७ मधला ०.४७ आला कुठून? भागाकारातून आला, पाण्यातून नाही. दोन दशांशांचा सल्ला इथेच बाद होतो.

मी स्वतः एम.एस्सी.ला असताना असाच एक तक्ता दोन दशांशांसकट छापून नेला होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटच्या अंकावर पेन्सिल टेकवून विचारलं, "हा सात कोणत्या थेंबातला?" मी गप्प. पुढे पाणी तपासणीच्या कामात अकरा वर्षं गेली, तरी तक्ता भरताना तो प्रश्न अजून आठवतो.

आता मैत्रिणीच्या नियमाकडे येऊ. वर्गात शिकवतात तो नियम असा : गुणाकार-भागाकारात ज्या आकड्याचे सार्थ अंक सर्वांत कमी, तितकेच उत्तरात ठेवायचे. नमुन्याचे २५ मिलि हे दोन अंकी समजू नका. पिपेटने घेतलंय म्हणून ते २५.० किंवा त्याहून बारीक आहे. सूत्रातला १००० आणि एकास एक हे प्रमाण तर मोजलेलं नाहीच, ते नेमकं आहे. तेव्हा अंक ठरवणार सीबीआर. ३.२ आणि ९.८ यांना दोन अंक, २४.६ ला तीन. नियम पाळला तर तक्त्यात १३०, ३९० आणि ९७५ असं लिहावं लागेल. (१३० मधलं शून्य खरं की भरतीचं हे कळावं म्हणून १.३ × १०² लिहायचं, ते वेगळंच.) म्हणजे मैत्रिणीचा "सगळीकडे तीन" हा सल्ला तिच्याच नियमात बसत नाही.

पण गंमत पुढे आहे. तो नियम ही अनिश्चिततेची ढोबळ पाटी आहे. तुमच्या तिन्ही नमुन्यांना ती पाटी उलटी लागते. खरी अनिश्चितता काढून बघू.

ब्युरेट सुरुवातीला वाचताना अर्ध्या रेघेची, म्हणजे ०.०५ मिलिची, चूक धरू. शेवटी वाचताना तेवढीच. आणि वाइनसारखा लाल रंग जाऊन निळा येतो तो नेमका कोणत्या थेंबाला, याचा आणखी एक थेंब, तोही साधारण ०.०५ मिलि. तिन्हींचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ : ०.०९ च्या आसपास येतं. म्हणजे सीबीआरवर ±०.१ मिलि धरणं वाजवी. ही चूक ३.२ असो की २४.६, सारखीच असते, म्हणून प्रत्येक उत्तरावर तिचे ±४ मिग्रॅ बसतात.

दुसरी चूक ईडीटीएच्या मोलॅरिटीतली. तिथेही तीच ब्युरेट, तेच ±०.१, पण १०.१ मिलिवर. म्हणजे १ टक्का. ही चूक टक्क्यांत बसते, त्यामुळे उत्तर जितकं मोठं तितकी तीही मोठी : नदीच्या पाण्यात १ मिग्रॅ, बोअरच्या पाण्यात ४, विहिरीच्या पाण्यात जवळजवळ १०. पिपेटची चूक पाव टक्क्याच्या आत राहते, ती या दोघींपुढे सोडून दिली तरी चालेल.

दोन्ही चुका वर्ग-वर्गमूळ करून जोडल्या की नदीला ±४, बोअरला ±६ आणि विहिरीला ±१० येतं. आता शेवटचा अंक कुठे थांबवायचा ते आपोआप ठरतं. जिथे अनिश्चिततेचा पहिला अंक पडतो, तिथेच उत्तर थांबवायचं. नदी आणि बोअरला एककापर्यंत, विहिरीला दशकापर्यंत.

| नमुना | सीबीआर (मिलि) | कठीणपणा, कॅल्शियम कार्बोनेट म्हणून (मिग्रॅ/लिटर) |
|---|---|---|
| कृष्णा नदी | ३.२ | १२७ ± ४ |
| घरचं बोअर | ९.८ | ३८८ ± ६ |
| क्षारपड रानातली विहीर | २४.६ | ९८० ± १० |

बघा, नियमाने ज्यांना दोन अंक दिले त्यांना तीन मिळाले आणि ज्याला तीन दिले त्याला दोनच. ९.८ दोन अंकी आहे आणि १०.१ तीन अंकी, पण ०.१ ची चूक दोघांनाही साधारण एकच टक्का. दहाचा उंबरठा ओलांडला म्हणून मोजमाप काही दहापट चांगलं होत नाही. नदीच्या पाण्याचं १२७ वरून १३० केलं असतं, तर मोजमापातल्या चुकीइतकीच नवी चूक तुम्ही स्वतः घातली असती. विहिरीच्या ९७५ मधला पाच मात्र कुणालाच सिद्ध करता येणार नाही.

हे पूर्णांकात आणणं शेवटी, एकदाच करायचं. मधल्या पायरीत मोलॅरिटी "जवळपास ०.०१च की" म्हणून बाटलीवरचा आकडा वापरला, तर बोअरचं उत्तर ३९२ होतं. एका आळसात पूर्ण टक्का गेला. कॅल्क्युलेटरमध्ये सगळे अंक राहू द्या, कागदावर उतरवताना कापा.

व्हायव्हाला हमखास येणारा एक प्रश्न : "तीनही रीडिंग ९.८ आली, मग चूक शून्य का नाही?" कारण आपण ०.१ च्याच पट्टीने मोजतोय. ९.७६ आणि ९.८३ दोन्ही वहीत ९.८ म्हणूनच उतरतात. पट्टी जाड असली की रीडिंग जुळतातच. (पायलट रीडिंग बघून पुढची तीन "जुळवणारी" मुलं वेगळी, त्यांच्याबद्दल काही बोलत नाही.) रेघांच्या मध्ये अंदाज घेऊन ९.८५ असं वाचायची सवय असेल तर वहीतही तसंच लिहा, आणि मग ९.८० लिहायलाही लाजू नका. पण सगळी रीडिंग एकाच पद्धतीने घेतलेली हवीत. एक ९.८ आणि दुसरं ९.८५ असलं की कोणतं कसं वाचलं हे कुणालाच कळत नाही.

अंक वाढवायचे असतील तर ते प्रयोगात वाढवावे लागतात. नदीच्या पाण्याचा नमुना २५ ऐवजी १०० मिलि घ्या. सीबीआर १२.८ च्या आसपास येईल आणि एका रेघेचे ४ मिग्रॅ उतरून १ होतील. बोअरला एवढ्याने थोडाच फायदा आणि विहिरीला फारसा नाही, कारण बोअरची निम्मी आणि विहिरीची बरीचशी चूक मोलॅरिटीत आहे. तिथे स्टँडर्ड कॅल्शियम १० ऐवजी २५ मिलि पिपेट करा. ईडीटीए २५ मिलिच्या थोडं वर लागेल आणि १ टक्क्याचे ०.४ टक्के होतील. विहिरीचा नमुना मात्र वाढवू नका. इतक्या जड पाण्यात पीएच १० चा बफर टाकल्यावर वेळ लागला, तर कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसायला लागतो. मग निळा झालेला रंग थोड्या वेळाने परत लालसर होतो आणि एंड पॉइंट पुढे सरकत राहतो. तसं दिसलं तर ते रीडिंग टाकून द्या. बफर टाकल्यापासून पाच मिनिटांत टायट्रेशन उरकायचं.

आणि एवढा खटाटोप करायचा का, हे आकडा कशासाठी हवा त्यावर ठरतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० : २०१२ मध्ये, कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा २०० मिग्रॅ प्रति लिटर आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. तुमची नदी २०० च्या बरीच खाली आहे, बोअर दोन्हींच्या मधे, विहीर ६०० च्या खूप वर. यातलं कोणतंही विधान ±४ ने किंवा ±१० ने बदलत नाही. प्रोजेक्टसाठी आहे ते पुरेसं आहे, पुन्हा टायट्रेशन करत बसू नका.

पण उद्या एखाद्या नमुन्याला ५.० मिलि लागले तर? उत्तर १९८. ५.१ लागले तर २०२. एका रेघेवर पाणी मर्यादेच्या आत किंवा बाहेर. अशा नमुन्याला १९८.२ लिहून "मर्यादेत आहे" म्हणणं चूक, कारण त्यावरही ±४ आहेच. तिथे मी १०० मिलि नमुना घेऊन, २५ मिलिवर स्टँडर्डाइज केलेल्या ईडीटीएने पुन्हा करते, आणि तोवर शेऱ्याचा रकाना कोरा ठेवते.

तक्त्याखाली ही ओळ लिहा : "ब्युरेट लीस्ट काउंट ०.१ मिलि, सीबीआर ± ०.१ मिलि, ईडीटीए ०.००९९० ± ०.०००१० मोलर, ± मध्ये या दोन्ही चुका धरल्या आहेत." व्हायव्हाला कारण विचारलं की बोट तिथे ठेवा आणि ०.१ मिलिचे ४ मिग्रॅ कसे होतात ते पाटीवर करून दाखवा.