दुधाचा सुळा पडला नाही तर

तुमचं पॉमेरेनियन कुत्र्याचं पिल्लू चार महिन्यांचं आहे ना, मग फरशीवर तांदळाएवढा दात किंवा चघळायच्या खेळण्यावर रक्ताचा ठिपका दिसला तर घाबरू नका. आधी पुढचे दात पडतात, सुळे साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात. सातव्यापर्यंत सगळे पक्के दात यायला हवेत.

तुमचं पॉमेरेनियन आहे, म्हणून सुळ्यांवर खास लक्ष ठेवा. लहान जातींत दुधाचा सुळा अडकून राहतो. आठवड्यातून एकदा ओठ वर करून बघा: वरचा नवा सुळा जुन्याच्या पुढे येतो, खालचा आतल्या बाजूला. एकाच जागी दोन सुळे दिसले की डॉक्टरांकडे न्या.

आमच्या पॉमच्या वेळी मी "पडेल आपोआप" म्हणत दीड महिना घालवला. तोवर खालचा नवा सुळा आत वळून टाळूला रुतला, तिथे खड्डा पडला आणि ती खाताना मान वाकडी करू लागली. नसबंदीच्या वेळी एकदमच काढू, असं म्हणून थांबू नका. नवा दात पूर्ण वर येण्याआधी जुना निघाला तर तो बहुतेकदा सरळ बसतो.

घरी ओढायचा मात्र नाही. मूळ लांब आणि बारीक असतं, आत तुटतं. डॉक्टर भूल देऊन, एक्स-रे बघून काढतात.

आणि हाडं, दगड चघळायला देऊ नका.