वेळ वाढतेय म्हणून सराव वाढवू नका, आधी तिचा अख्खा आठवडा मोजा

प्रश्न: "माझ्याकडे १५ वर्षांची मुलगी आहे, ३००० मीटर धावते. जूनमध्ये ११:०५ होती, आता ११:४० च्या खाली येत नाही. इंटरव्हल वाढवले तर अजूनच मागे. ग्राउंडवर गप्प असते, रोज काहीतरी दुखतं म्हणते. आळस आहे की दुसरं काही? विभागीय सात आठवड्यांवर आलंय. – नाशिक"

सर, उद्याचे इंटरव्हल आधी रद्द करा. सराव वाढवल्यावर वेळ बिघडते, हीच यातली सर्वांत मोठी खूण आहे. आळशी मुलीला जोर लावायला लावला की ती निदान त्या दिवशी तरी बरी धावते. थकून गेलेली मुलगी जोर लावते आणि तरी मागे राहते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे पेठ तालुक्यातली अशीच एक मुलगी होती, इथे वसतिगृहात राहायची. मीही आधी इंटरव्हलच वाढवले होते. ती चूक मला अजून टोचते, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या वहीत तिचा सराव अगदी बेताचा होता. सकाळी सहा दिवस, रोज ७० मिनिटं. एक दिवस तिला जवळ बसवून सोमवारपासून रविवारपर्यंत काय काय करतेस ते विचारलं. तेव्हा कळलं की संध्याकाळी चार दिवस शाळेचे पीटीचे सर तासभर पळवून घेतात, आणि रविवारी कुठे ना कुठे बक्षिसाची १० किलोमीटरची रेस असते. बक्षिसाचे पैसे घरी जायचे, म्हणून मला सांगितलं नव्हतं.

त्या रात्री हिशेब मांडला, तो तुम्हीही मांडा. प्रत्येक सराव झाल्यावर अर्ध्या तासाने मुलीला विचारायचं, "शून्य ते दहामध्ये किती जड गेलं?" तो आकडा मिनिटांनी गुणायचा. माझा सराव आठवड्याला ४२० मिनिटं, जडपणा सरासरी ५, म्हणजे २१००. शाळेचा २४० मिनिटं, पण सगळा जोराचा, ७ ने १६८०. रविवारची रेस वॉर्म-अपसकट ६० मिनिटं, ९ ने ५४०. एकूण ४३२०. मला वाटत होतं २१००, मुलगी दुपटीहून जास्त ओढत होती, आणि हे सगळं शाळा सुरू झाल्यावर एकदम वाढलं होतं. तास मोजले तर आठवड्याचे १२ भरतात. वयाच्या वर्षांपेक्षा जास्त तास नकोत, या नेहमीच्या नियमात ते बसतात. म्हणून नुसत्या तासांवर जाऊ नका. दोघा-तिघांच्या हाताखाली धावणाऱ्या मुलीची बेरीज कुणीतरी एकाने ठेवायलाच हवी.

आता "रोज काहीतरी दुखतं" याबद्दल. आपल्याकडे पावसाळ्यात मातीच्या ट्रॅकचा चिखल होतो आणि पोरं डांबरावर येतात, तेव्हा मार नडगीवर बसतो. तिला बसवा आणि नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत घोट्याकडे या. लांबवर सगळीकडे थोडं थोडं दुखत असेल तर बहुधा स्नायू आणि हाडावरच्या आवरणाला ताण आहे. एकाच जागी, बोटाच्या पेराएवढ्या भागात कळ उठून ती पाय ओढून घेत असेल, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा जात असण्याची शक्यता धरा. धावणं त्याच दिवशी बंद करून हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. माझ्या मुलीने घोट्याच्या चार बोटं वर असाच पाय ओढून घेतला होता. पहिला एक्स-रे स्वच्छ आला. असा तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. एमआरआयमध्ये सापडला.

दोन गोष्टी ताई किंवा बाईंकडून विचारून घ्या. एक, पाळी. तीन महिने आली नसेल, किंवा पंधरा पूर्ण होऊनही सुरूच झाली नसेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. "खेळाडू मुलींची जाते पाळी" असं ग्राउंडवर सहज म्हणतात, ते चूक आहे. धावण्याच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर पाळी थांबवतं, आणि त्याच काळात हाडंही कमकुवत होतात. दुसरी, ताट. माझी मुलगी घरी नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी पोटभर खायची. इथे पहाटे कोऱ्या चहावर धावायची आणि मेस उघडायची नऊला. रक्ततपासणी सांगाल तेव्हा हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन करायला सांगा. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा आटलेला असू शकतो. थायरॉइड आणि मुरलेला ताप हेही डॉक्टर बघतील. ते वगळल्याशिवाय अति सराव म्हणायचं नाही.

पहाटेची नाडी मोजा, पण एकट्या नाडीवर विसंबू नका, ती फसवते. त्यापेक्षा रोज सकाळी चार गोष्टींना पाचपैकी गुण द्यायला सांगा: झोप, पाय, मूड, धावायची इच्छा. नाडी बदलायच्या आधी बहुतेक वेळा हे गुण घसरतात. शेवटचा गुण सारखा एक-दोनवर असेल, पावसाने सराव रद्द झाल्यावर चेहरा खुलत असेल, तर शरीराबरोबर मनही उडालंय. तेव्हा एकटीशी बोला, वेळेबद्दल नको. माझी मुलगी बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली आणि म्हणाली, "सर, हरले तर घरी परत नेतील." हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य जिंकल्यापासून आपल्या पाड्यांवर धावणं ही घर वर काढायची वाट झाली आहे. तिचं ओझं पोरगी बोलून दाखवत नाही. मी तिच्या वडिलांना बोलावून तिच्यासमोर सांगितलं की वर्षभर निकाल काहीही लागो, ती इथेच राहणार. त्या आठवड्यापासून तिची झोप सुधारली.

हाडाची कळ नसेल आणि तपासण्या ठीक असतील तर कार्यक्रम असा ठेवा. पहिला आठवडा धावणं पूर्ण बंद, वाटलं तर चालणं किंवा सायकल, आणि रात्री आठ-नऊ तास झोप. त्यासाठी पहाटेचा सराव साडेसहाला न्यावा लागला तरी न्या. दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड २० मिनिटं, मातीवर, शेजारणीशी गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने. तिसऱ्यात चार दिवस ३० मिनिटं. चौथ्यात त्यातल्या दोन दिवशी शेवटी ८० मीटरचे सहा मोकळे धावे. पाचव्यात एकच जोराचा सराव, ४०० चे पाच, घड्याळ तुमच्या खिशात. शाळेच्या सरांना भेटून संध्याकाळचा सराव आणि रविवारची रेस या काळात बंद करा. तोंडी निरोप पाठवू नका, समोर बसून ठरवा.

दोन आठवड्यांत चारही गुण वर आले तर थकवा वरवरचा होता, विभागीयचा विचार पाचव्या आठवड्यानंतर करता येईल. एवढी विश्रांती घेऊनही सोप्या धावण्यात पाय जड, झोप तुटक आणि इच्छा नाहीच, तर हे खोलवरचं ओव्हरट्रेनिंग असू शकतं. ते भरून यायला महिने लागतात. मग विभागीय सोडा आणि तेव्हाच तिला तसं सांगा, शेवटच्या आठवड्यापर्यंत टांगून ठेवू नका. माझ्या मुलीचा तो अख्खा हंगाम गेला. पुढच्या पावसाळ्यात शाळेच्या सरांनी आणि मी एकच वही ठेवली, तीन आठवडे चढते आणि चौथा तिसऱ्याच्या दोन-तृतीयांश.

आज संध्याकाळी अंगठ्याने नडगी तपासा आणि तिचा सोमवार ते रविवार लिहून इथे टाका, बेरीज आपण मिळून करू.