वेल्डच्या कडेने गेलेला तडा

प्रश्न: उद्या सबमिशन आहे आणि आत्ता फ्रेमला वेल्डच्या शेजारून तडा गेलाय. वरून अजून एक वेल्ड मारला तर निभेल का?

नाही निभणार. तडा खाली तसाच राहील आणि नव्या वेल्डमध्ये चढेल. तिसऱ्या वर्षाला असताना मी हेच करायला निघाले होते.

पायडलने चालणाऱ्या पंपाची फ्रेम होती. २५ मिमीचा चौकोनी पाइप, जाडी २ मिमी, साधं माइल्ड स्टील. त्यावर बेअरिंगसाठी ४० मिमी जाडीचा ईएन ८ पोलादाचा ठोकळा वेल्ड केला होता. दुपारी चारला काम संपलं, लवकर हाताळता यावी म्हणून मी वर पाणी ओतलं. रात्री अकराला रंग द्यायला बसले तर ‘टिक’ असा आवाज आला. फ्रेमवर कसलंच वजन नव्हतं, तरी ठोकळ्याच्या बाजूला, वेल्डला चिकटून केसासारखी रेघ उमटली होती.

मी होल्डरमध्ये रॉड लावलासुद्धा होता. तेवढ्यात वर्कशॉपमध्ये थांबलेल्या एका सिनियर ताईने मशीन बंद केलं आणि हातात कानस दिली. “आधी पाइपवर घास, मग तड्याशेजारी.” पाइपवर कानस धातू खात होती. तड्याशेजारच्या दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्यात मात्र ती काचेवरून जावी तशी घसरली.

“वेल्ड नाही तुटलेला, शेजारचं पोलाद तुटलंय,” ताई म्हणाली. ईएन ८ मध्ये सुमारे ०.४ टक्के कार्बन असतो. वेल्डशेजारचा भाग लाल होतो आणि जाड थंड ठोकळा त्यातली उष्णता झपाट्याने ओढून घेतो. म्हणजे वेल्ड करता करताच तिथे पाणी दिल्यासारखं होतं, आणि वरून मी खरंच पाणी ओतलं होतं. तो पट्टा कडक आणि ठिसूळ झाला. त्यात मी वापरलेल्या ६०१३ रॉडच्या लेपातून हायड्रोजन धातूत शिरलेला. तो हळूहळू त्या ताणलेल्या पट्ट्यात गोळा होतो, म्हणून तडा वेल्ड करताना न दिसता काही तासांनी येतो. बीडच्या मधोमध किंवा शेवटच्या खळग्यात तडा असता तर कारण वेगळं असतं, असंही तिने सांगितलं. म्हणून तडा नक्की कुठून गेलाय हे आधी बघायचं.

पहिलं काम तिने केलं ते कमी हायड्रोजनचे ७०१८ रॉड ओव्हनमध्ये ३५० अंशांवर तासभर ठेवण्याचं. (६०१३ भाजून काही साधत नाही. त्याच्या लेपाला थोडा ओलावा लागतोच.) तोवर आम्ही तडा शोधला. जागा पुसून तड्यात झिरपणारा लाल डाय लावला, दहा मिनिटं थांबलो, क्लीनरने ओलसर केलेल्या फडक्याने पुसला आणि पांढरा डेव्हलपर मारला. डोळ्यांना १८ मिमी दिसणारा तडा ३० मिमीचा निघाला! तेवढा ग्राइंडरने खोदला, पुन्हा डाय लावला, तर तळाशी लाल धागा अजून होताच. मला रडू येत होतं, घड्याळात साडेबारा झाले होते. ताई म्हणाली, “धागा असेपर्यंत रॉड हातात घ्यायचा नाही.” तिसऱ्यांदा पांढरं पांढरंच राहिलं.

मग गॅस टॉर्चने ठोकळा तापवला, पाइप नाही. २०० अंशांची टेम्परेचर स्टिक ज्योतीपासून दूर, ठोकळ्याच्या मागच्या बाजूला टेकवून बघितली. ती तिथे वितळली तेव्हाच आर्क पेटवला, आणि आर्कचा रोख ठोकळ्याकडे ठेवला, नाहीतर २ मिमीच्या पाइपला भोक पडलं असतं. शेवटी खळगा राहू नये म्हणून रॉड थोडा मागे नेऊन उचलला. वेल्ड होताच सगळा सांधा कोरड्या राखेत पुरला. सकाळी आठला काढला तेव्हाही तो कोमट होता.

डाय लावला, रेघ नव्हती. पण असा तडा ४८ तासांपर्यंतही येऊ शकतो, हे ताईने मला रिपोर्टमध्ये लिहायला लावलं: काय फुटलं, का फुटलं, दुरुस्ती कशी केली. दहाला फ्रेम दिली आणि वजनाची चाचणी दोन दिवसांनी घ्या, अशी सरांना विनंती केली. त्यांनी रिपोर्टचं ते पान दोनदा वाचलं आणि तारीख बदलली.

तुमच्याकडे एकच रात्र आहे, म्हणून आत्ता कानस घ्या. तड्याशेजारी ती घसरली तर तिथला जाड भाग तापवल्याशिवाय आर्क पेटवू नका. कोरडे ७०१८ आणि टॉर्च मिळत नसेल तर तो भाग बोल्टने बसवा. ईएन ८ ला भोक पाडायला अर्धा तास पुरतो, फक्त भोक त्या कडक पट्ट्यापासून लांब घ्या.