'च' कुठून आला आणि कुठे बसतो

प्रश्न: "जाहिरातीत 'आजही संपर्क साधा' असं वाचलं. 'आजच' हवं ना? आणि 'च' वाक्यात कुठे लावायचा, याला काही नियम आहे का?"

'आजच' हवं. हिंदीतल्या 'आज ही' वरून केलेलं हे भाषांतर आता दर दुसऱ्या पाटीवर दिसतं. हिंदीचा 'ही' बाकीच्यांना वगळतो, मराठीचा 'ही' आणखी एकाला सामील करून घेतो. 'आजही संपर्क साधा' म्हणजे काल साधलात, तसा आजही साधा. अर्थ पार उलटतो, तरी कुणाच्या कानाला खटकत नाही!

आता मुख्य गोष्ट. हा 'च' संस्कृतातला 'आणि' या अर्थाचा 'च' आहे, असं ठासून सांगणारे पुष्कळ भेटतात. ते चूक आहे. एक तर अर्थ जुळत नाही. 'आणि' जोडतो, आपला 'च' तोडतो. दुसरं म्हणजे ध्वनी जुळत नाही. महाराष्ट्री प्राकृतात तो 'च' स्वरानंतर झिजून 'अ' किंवा 'य' होतो, मराठीपर्यंत पोचायला शिल्लकच राहत नाही. आपला 'च' आला 'चैव'मधून, म्हणजे 'च' अधिक 'एव'. त्याचं प्राकृतात 'च्चेअ', 'च्चिअ' झालं, आणि जोडाक्षर असल्यामुळे च टिकला. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात सूत्रच दिलं आहे: 'णइ चेअ चिअ च्च अवधारणे'. अवधारण म्हणजे 'हेच, दुसरं नाही' असं ठरवून सांगणं. पुढे ज्ञानेश्वरीत, 1290 साली, 'देवा तूंचि गणेशु' असा 'चि' भेटतो. त्यातला इकार गळला की आपला 'च' तयार. खरा अर्थ 'एव'चा आहे. आधीचा 'च' फक्त त्याला धरून आला आणि शेवटी नाव त्याचंच उरलं.

शालेय व्याकरणं याला 'शुद्ध शब्दयोगी अव्यय' म्हणतात, कारण त्याच्यामुळे सामान्यरूप होत नाही: 'घोडाच', 'घोड्याच' नव्हे. निरीक्षण बरोबर आहे, पण खण चुकीचा. शब्दयोगी अव्यय नामाला किंवा सर्वनामाला लागतं. हा तर क्रियापदालाही लागतो, विशेषणालाही, 'आत्ता'लाही. त्याचं काम नामाचा संबंध दाखवणं नाही. वाक्यात भर कशावर आहे ते दाखवणं आहे.

म्हणून तो ज्याच्यावर भर आहे त्याला, विभक्तीचा प्रत्यय लागून झाल्यावर, चिकटतो. 'काकूंनी काल मला डबा दिला' हे वाक्य घ्या. 'काकूंनीच' म्हटलं की इतर कुणी दिला नाही. 'मलाच' म्हटलं की इतरांना मिळाला नाही. 'कालच' दोन अर्थांचा आहे: दुसऱ्या दिवशी नाही, किंवा अगदी अलीकडे, इतक्यात. 'दिलाच' म्हटलं की मात्र गंमत होते. इथे 'दुसरं काही केलं नाही' असा अर्थ नसतो. मी नको नको म्हणत होतो, तरी दिला. क्रियापदावरचा 'च' हो की नाही हा वाद मिटवतो. म्हणून 'मीच आलो नाही' म्हणजे बाकी सगळे आले, आणि 'मी आलोच नाही' म्हणजे माझ्या येण्याचा प्रश्नच नव्हता. 'च' एक घर सरकला की तक्रार वेगळी होते.

'च' नसला तरी भर दाखवता येतो. त्याची मराठीतली हक्काची जागा म्हणजे क्रियापदाच्या लगेच आधी. पारख सोपी आहे: प्रश्न विचारून बघा. 'डबा कोणी दिला?' यात 'कोणी' क्रियापदाला खेटून बसतं. उत्तरात त्याच जागी 'काकूंनी' येतं, 'डबा काकूंनी दिला'. 'काकूंनी काय दिलं?' याचं उत्तर 'काकूंनी डबा दिला'. दोन्हींत कर्ता काकूच आहेत, पण पहिल्यात बोलणं डब्याबद्दल आहे आणि दुसऱ्यात काकूंबद्दल. ज्याबद्दल बोलायचं ते पुढे ठेवतात, आणि ते इतरांपासून वेगळं काढायचं असेल तर 'तर' (संस्कृत 'तर्हि') लावतात: 'डबा तर काकूंनीच दिला, भांडी कुणाची ते माहीत नाही.'

आवाजही हेच करतो. भराच्या शब्दावर सूर चढतो आणि त्यानंतरचं वाक्य खालच्या पट्टीत सपाट जातं. 'काकूंनी दिला डबा' यात शेवटचा 'डबा' पुटपुटल्यासारखा येतो, कारण ऐकणाऱ्याला तो आधीच ठाऊक असतो. बातम्यांत 'दिला आहे राजीनामा मंत्र्यांनी' असं म्हणून शेवटच्या शब्दावर सूर चढवतात, तेव्हा म्हणूनच कान अडखळतो: नवी माहिती ठाऊक गोष्टीच्या जागी ठेवलेली असते.

आणि हा 'च्चिअ'चा वंशज फक्त मराठीपुरता नाही. कोंकणीत 'तूंच' आहे, आणि दखनी उर्दूनेही तो उचलला, म्हणून हैदराबादेत 'ऐसाइच' ऐकू येतं.