ऑनलाइन वस्तूखालचे रिव्ह्यू पैसे देऊन लिहून घेतलेत हे कसं ओळखायचं?

सरासरी स्टार सोडा, रिव्ह्यू 'सर्वांत नवे आधी' असे लावा आणि नुसत्या तारखा वाचत खाली जा. 'भाषा फार गोड असेल तर खोटा' हा सल्ला मला निरुपयोगी वाटतो. खरं गिऱ्हाईकही 'मस्त, पैसा वसूल' एवढंच लिहून मोकळं होतं.

समजा, एका इयरफोनला ४.४ स्टार आहेत. पाच महिने आठवड्याला दोन-तीन रिव्ह्यू, मग दहा दिवसांत दीडशे, जवळपास सगळे पाच स्टारचे, आणि पुन्हा दोन-तीन. सेलमध्येही रिव्ह्यू उसळतात, पण तेव्हा 'एका कानात आवाजच नाही' अशी कुरकुरही सोबत वाढते. विकतच्या लाटेत ती नसते. लाट ओसरल्यानंतरच्या रिव्ह्यूंचीच सरासरी काढा. ती तीनच्या आसपास आली, तर वरच्या ४.४ला काही अर्थ नाही.

मग थेट तळाशी, सर्वांत जुन्या रिव्ह्यूंकडे जा. तिथे 'कव्हर फोनला घट्ट बसतं' असं दिसलं, तर ते पान आधी दुसऱ्याच वस्तूचं होतं. चांगल्या चाललेल्या पानावरचं नाव आणि फोटो बदलतात, किंवा नवी वस्तू जुनीचाच एक 'रंग' म्हणून जोडतात. स्टार आयते मिळतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये बाउंटिफुल या कंपनीवर अशाच जोडाजोडीसाठी कारवाई केली आणि तिला ६ लाख डॉलर भरावे लागले. गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो पाहिले की हा प्रकार लगेच उघडा पडतो.

आता माझा जुना वाद. 'व्हेरिफाइड पर्चेस लिहिलंय ना, मग खरा' असं ऐकवणारे मला नेहमी भेटतात. अहो, त्या शिक्क्याने फक्त ऑर्डर झाली एवढंच कळतं! एजंट मेसेजवर माणसं गाठतो. ती स्वतःच्या पैशाने वस्तू मागवतात, पाच स्टार देतात, स्क्रीनशॉट पाठवतात आणि पैसे बाहेरच्या बाहेर परत घेतात. साइटच्या नोंदीत ती साधी खरेदीच दिसते. उलट शिक्का नसलेला रिव्ह्यू दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या माणसाचाही असू शकतो. त्यामुळे शिक्का असलेले तेवढेच गाळून वाचणं म्हणजे अशा एजंटांच्या सोयीचं वाचणं.

एक राहिलं. एखाद्या व्हिडिओत वस्तू गाजली तरी खरी लाट येते, म्हणून एकट्या तारखांवरून निकाल देऊ नका. आणि एक स्टारवालेही विकत मिळतात: तक्रारीत बिघाडाचा तपशील नाही, पण दुसऱ्या ब्रँडचं नाव मात्र आवर्जून, असं दिसलं की तेही बाजूला काढा.