'बाईंनी जिलबी खाल्ली' यात आदर कुठे आहे?

प्रश्न: इंदूरला राहतो, मुलगी मराठी घरीच शिकते. 'बाईने जिलबी खाल्ली' हे आदरार्थी करा, असा प्रश्न होता. तिने 'बाईंनी जिलबी खाल्ल्या' लिहिलं. चुकलं का?

उत्तर: हो, क्रियापद चुकलं, 'बाईंनी' मात्र बरोबर. आधी कर्त्याला ने किंवा नी लागलाय का ते बघायला सांगा. प्रत्यय नसेल तर क्रियापद कर्त्याच्या मागे जातं आणि आदर तिथे उघड दिसतो: सर आले, बाई आल्या. लिंग बदलत नाही, म्हणून बाईंसाठी 'आले' नको.

प्रत्यय लागला की क्रियापद कर्त्याला सोडून कर्माला धरतं. जिलबी एक, म्हणून 'खाल्ली'. 'खाल्ल्या' लिहिलं तर अर्थ एवढाच होतो, की जिलब्या अनेक होत्या. आदर 'बाईने'चं 'बाईंनी' होण्यातच संपतो. त्यातला अनुस्वार मुलं हमखास विसरतात, तो मुद्दाम तपासा.

पोह्यांचं वाक्य जास्त फसवं आहे. 'सरांनी पोहे खाल्ले' यातलं 'खाल्ले' सरांच्या मानामुळे नाही, पोहे हा शब्दच अनेकवचनी आहे. खात्री करायला कर्ता बदला: 'बंडूने पोहे खाल्ले'. क्रियापद तसंच राहिलं ना?

समोरच्याशी बोलताना मात्र आदर क्रियापदातही उतरतो. 'तू जिलबी खाल्लीस', पण 'तुम्ही जिलबी खाल्लीत'. हा शेवटचा 'त' बोलताना बरेचदा गळतो. पेपरात तो लिहायलाच लावा.