खांद्याच्या सोनोग्राफीत ‘माइल्ड टेंडिनायटिस’ : आराम किती, हालचाल किती?

प्रश्न : वय ४७, बँकेत नोकरी. दोन महिने उजवा खांदा दुखतोय. दोरीवर कपडे वाळत घालताना आणि रात्री त्या कुशीवर वळलं की जास्त. सोनोग्राफीत लिहिलंय, ‘सुप्रास्पायनेटस टेंडन माइल्डली बल्की अँड हायपोएकोइक, सजेस्टिव्ह ऑफ माइल्ड टेंडिनायटिस. मिनिमल फ्लुइड इन सबअक्रोमियल बर्सा. नो टेअर. बायसेप्स टेंडन नॉर्मल.’ डॉक्टर म्हणाले आराम द्या, जाऊबाई म्हणतात हात हलवला नाहीस तर आखडेल. नक्की काय करू?

उत्तर :

ताई, दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. मी वीसेक वर्षं फिजिओथेरपी करते आणि असा रिपोर्ट आठवड्यातून एकदा तरी हातात येतो.

रिपोर्टमधलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे ‘नो टेअर’, आणि नेमकं तेच वाचताना निसटतं. सुप्रास्पायनेटस हा खांद्याच्या फऱ्यावरून निघून दंडाच्या टोकाला चिकटणारा स्नायू. त्याचा शेवटचा दोरीसारखा भाग म्हणजे टेंडन. तो हाडाच्या छपराखालून जातो आणि हात बाजूने वर उचलायला मदत करतो. सोनोग्राफीत निरोगी टेंडन पांढरट दिसतो, त्यात एकमेकांना समांतर बारीक रेषा असतात, नाडी विणावी तशा. ‘बल्की’ म्हणजे तो थोडा जाड झालाय. ‘हायपोएकोइक’ म्हणजे नेहमीपेक्षा काळपट दिसतोय, कारण तंतूंमध्ये पाण्याचं प्रमाण वाढलंय आणि त्यांची वीण जरा विस्कटलीय. बर्सा ही टेंडन आणि छपराच्या मधली पातळ पिशवी, घर्षण होऊ नये म्हणून असलेली. तिच्यात ‘मिनिमल’ पाणी हे घाबरण्याचं कारण नाही.

आता ‘टेंडिनायटिस’ या शब्दाबद्दल. ‘आयटिस’ म्हटलं की आपल्याला सूज, आग, लाली डोळ्यासमोर येते आणि सूज उतरेपर्यंत हात हलवायचा नाही असं वाटतं. पण दोन महिन्यांच्या दुखण्यात तशी पेटलेली सूज कमी असते. झेपेल त्यापेक्षा जास्त काम पडून टेंडनची बांधणी सैल झाल्याचा भाग मोठा असतो. कोणी याच चित्राला ‘टेंडिनोसिस’ लिहितात. म्हणून गोळीने दुखणं कमी होतं, पण बांधणी घट्ट होत नाही. ती हळूहळू वाढवत नेलेल्या भारानेच होते.

अजून एक गोष्ट, जी रिपोर्ट देताना सहसा कोणी सांगत नाही. खांद्याची काही तक्रार नसलेल्या ४० ते ७० वयाच्या ५१ पुरुषांची सोनोग्राफी करून २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ४९ जणांच्या खांद्यात काही ना काही सापडलं. सुप्रास्पायनेटसमध्ये तुमच्यासारखा बदल तर शंभरात साधारण ३९ जणांत होता, आणि त्यांना दुखत नव्हतं! शिवाय सोनोग्राफीचा दांडा टेंडनवर जरा तिरका धरला गेला तरी चांगला टेंडन काळा दिसतो. अनुभवी रेडिओलॉजिस्ट दांडा हलवून ते पडताळतात. म्हणजे चित्र खोटं नाही, पण तुमचं दुखणं किती आणि तुम्ही काय करू शकता हे त्यावरून ठरत नाही. ते ठरतं हात हलवून बघितल्यावर.

म्हणून आधी एक तपासणी घरीच करा. कोपर कमरेला चिकटवून काटकोनात वाकवा, तळहात आतल्या बाजूला. आता कोपर न हलवता पंजा बाहेर वळवा, दार ढकलल्यासारखा. मग घरातल्या कोणाला तरी हळूच तोच हात तसाच बाहेर वळवून बघायला सांगा. दुसऱ्याने वळवल्यावर डाव्या हाताइतका सहज वळत असेल, तर दुखणं टेंडनचं असण्याची शक्यता जास्त. दुसऱ्यालाही वळवता येत नसेल, अडल्यासारखं घट्ट लागत असेल, तर फ्रोझन शोल्डरची शंका घ्यायची आणि डॉक्टरांना मुद्दाम सांगायचं. साध्या सोनोग्राफीत ते सहज नजरेतून सुटतं. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांत ते जास्त दिसतं, मधुमेह असेल तर आणखी. तुम्हाला साखर किंवा थायरॉइड आहे का, तेही कळवा.

तुमचं लक्षण मात्र टेंडनच्या बाजूचं वाटतं. कपडे वाळत घालताना हात खांद्याच्या आसपास येतो, तिथे टेंडनवर ताणही जास्त आणि छपराखालची जागाही कमी. कुशीवर झोपलं की तोच भाग दाबला जातो.

मग आराम कशाचा? हाताचा नाही, जागेचा. खांद्याच्या वर हात नेऊन करायची कामं आणि हात लांब करून वजन पेलायची कामं, एवढीच ८-१० दिवस बाजूला ठेवा. एक लिटरची पिशवी अंगाजवळ धरा आणि मग हात सरळ पुढे करून धरा, खांद्याला फरक लगेच कळेल. कपडे खालच्या दांडीवर घाला, माळ्यावरचं दुसऱ्याला काढू द्या, ट्रेनमध्ये वरची कडी डाव्या हाताने धरा. पोळ्या लाटायला हरकत नाही, ओटा उंच असेल तर पाटावर उभं राहून लाटा. टायपिंग चालेल, माउस मात्र अंगाजवळ ओढून घ्या. झोपताना उताणं झोपून कोपराखाली घडी घातलेला टॉवेल ठेवा, किंवा डाव्या कुशीवर उशी मिठीत घेऊन उजवा हात तिच्यावर. झोळी गळ्यात अडकवू नका. अशा दुखण्यात झोळीने खांदा आखडण्यापलीकडे काही मिळत नाही.

या ८-१० दिवसांत हालचाल बंद नाही. टेबलासमोर बसून नॅपकिनवर हात ठेवायचा आणि तो पुढे सरकवायचा, अंगही थोडं पुढे झुकवायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुसरं, न हलवता जोर लावायचा व्यायाम : कोपर आणि बरगडीच्या मध्ये टॉवेलची घडी, मनगटाची बाहेरची बाजू दाराच्या चौकटीला टेकवून बाहेर दाबायचं. ताकद अर्ध्यापेक्षा कमी, ३० सेकंद, मध्ये मिनिटभर विश्रांती, असं पाच वेळा. सुरुवातीला ३० झेपलं नाही तर १० करा.

पुढची पायरी कधी चढायची, हे रिपोर्ट सांगत नाही, दुसरा दिवस सांगतो. दुखण्याला ० ते १० मध्ये आकडा द्या. व्यायाम करताना तो ३-४ पर्यंत गेला तर चालेल. रात्री झोप मोडता कामा नये आणि सकाळी आकडा आदल्या सकाळच्या इतकाच किंवा कमी हवा. वाढला असेल तर व्यायाम सोडायचा नाही, अर्धा करायचा. दुखू नये म्हणून सगळंच थांबवणं आणि बरं वाटलं म्हणून एका दिवसात सगळं उरकणं, माझ्याकडे परत येणारे पेशंट या दोनच कारणांनी येतात.

एक उदाहरण सांगते. एक शिक्षिका, वय ४९, रिपोर्ट जवळपास तुमच्यासारखाच. कोणाच्या तरी सांगण्यावरून तीन आठवडे हात झोळीत. आल्या तेव्हा दुखणं ४, पण हात कानापर्यंतच काय, खांद्याच्या वरही जाईना. दहा दिवस टेबल आणि चौकट. सकाळचा आकडा २ वर आल्यावर डाव्या कुशीवर झोपून, उजवं कोपर कमरेशी ठेवून, हातात पाण्याची अर्धी भरलेली अर्ध्या लिटरची बाटली, म्हणजे पाव किलो, घेऊन पंजा वर उचलायचा. दहाचे तीन संच, एक दिवस आड. सलग दोन वेळा सकाळ शांत गेली की बाटलीत पाणी वाढवायचं. चौथ्या आठवड्यात बाटली पूर्ण भरली. त्याच आठवड्यात परीक्षेची उजळणी म्हणून बाईंनी सलग दोन तास फळ्याच्या वरच्या अर्ध्यावर लिहिलं. रात्री झोप गेली, सकाळी आकडा ६. घाबरून फोन. टेंडन फाटला का? हात उचलता येत होता, जोर गेला नव्हता. दोन दिवस फक्त टेबलावरचं सरकवणं, मग परत पाव किलोवरून सुरुवात. आठ दिवसांत जिथे होत्या तिथे परत आल्या.

सातव्या आठवड्यात हात पुढून खांद्यापर्यंत उचलण्याचा व्यायाम रबरी पट्टीने सुरू केला, आणि फळ्याच्या वरच्या भागात रोज दोन ओळी, त्यापेक्षा जास्त नाही. तिसरा महिना संपताना पूर्ण फळा. नंतर त्यांनी हौसेने पुन्हा सोनोग्राफी केली आणि टेंडन अजूनही थोडा काळपटच होता. बाईंना दुखत नव्हतं, पण रिपोर्ट वाचून परत दोन दिवस हात सांभाळत बसल्या. म्हणून मी उगाच पुन्हा सोनोग्राफी करायला सांगत नाही.

इंजेक्शनचं विचाराल म्हणून. स्टेरॉइडचं इंजेक्शन रात्रीचं दुखणं काही आठवड्यांसाठी कमी करू शकतं. झोप अजिबात लागत नसेल तर डॉक्टरांशी जरूर बोला. पण त्या शांत काळात व्यायाम केला नाही तर दुखणं परत येतं. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर वाढते, आधी सांगून ठेवा. दुखण्याच्या गोळ्या बीपी, किडनी किंवा पित्ताचा त्रास असेल तर स्वतःच्या मनाने घेऊ नका.

आणि हे झालं तर वाट बघू नका : पडल्यावर किंवा झटका बसल्यावर हात अचानक उचलताच येईना, खांदा लाल-गरम होऊन ताप आला, दुखणं कोपराखाली उतरून बोटांत मुंग्या किंवा बधिरपणा आला. आणि चालताना छाती दाबल्यासारखी होऊन घामासकट खांदा दुखला, तर तो प्रश्न खांद्याचा समजू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

सध्या ती कोपर-कमरेला तपासणी दोन्ही हातांनी करा आणि किती फरक पडतो ते इथे लिहा. त्यावरून पहिले दहा दिवस टेबलाचेच ठेवायचे की चौकटही लगेच सुरू करायची, ते सांगते.